पाचर

नोकरीच्या काळात अपघातांचे अहवाल मी इतके वाचले की, निवृत्तीनंतर आणखी एक वाचावा लागेल असे वाटले नव्हते. आणि त्या अहवालात आपलेही नाव यावे असे आपणच ठरवू, हे तर कधी मनातही आले नव्हते. मध्य प्रदेश शासनाच्या सेवेत कारखाने निरीक्षक म्हणून माझी सारी उमेद गेली. गिरण्या, जिनिंगचे कारखाने, तेलघाण्या, लाकडाच्या वखारी असे पुष्कळ पाहिले. ज्या अपघाताविषयी लिहितो आहे तो मात्र कारखान्यातला नव्हे. पाच माणसांच्या एका सुतारशाळेतला तो अपघात, आणि ज्या लाकडावर तो घडला ते लाकूड आमच्या घरचे.

इंदूरच्या रामबागेतला आमचा वाडा २०२२ साली उतरवला. अशा वेळी काय होते ते वाचकांपैकी अनेकांनी स्वतःच्या घरी अनुभवले असेल. विटा गेल्या, कौले गेली. पण माजघराच्या तुळया विकाव्यात असे कुणालाच वाटेना. आजोबांनी त्या खंडव्याकडून आणवल्या होत्या, असे घरात सांगत. चार तुळया मी ठेवून घेतल्या. एक वखारीत नेऊन तिच्या दीड इंची फळ्या पाडून घेतल्या आणि त्यांचे पुस्तकांचे कपाट करून घ्यावे म्हणून त्या ओळखीच्या सुतारशाळेत पाठवल्या. शाळेचे मालक आपल्याच समाजातले, तिसऱ्या पिढीचे इंदूरकर. मला काका म्हणतात. मुख्य मिस्त्री माळव्यातलाच, बावीस वर्षे गोल करवतीवर काम केलेला. त्याचे बोलणे हिंदीत. येथे ते मराठीत देतो.

२०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास मी फळ्या पाहायला गेलो. करवत चालू नव्हती. तिचे सुरक्षाकवच, म्हणजे पात्यावर टोपीसारखे बसणारे लोखंडी आवरण, भिंतीवर कॅलेंडरखाली खिळ्याला टांगलेले होते. त्यावर भुशाचा इतका जाड थर होता की, ते तेथे आजकालचे नाही हे कुणीही सांगितले असते. मी ते पाहिले. तीन दशके अशा गोष्टी पाहण्याचाच पगार घेतला होता. न दिसणे शक्यच नव्हते. पण मी बोललो नाही. वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तर तेव्हाचा कारखाना कायदा लागू होई, येथे पाच. शिवाय मी निवृत्त, आणि गिऱ्हाईक म्हणून आलेला. मी पॉलिशविषयी विचारले, चहा घेतला आणि घरी आलो.

आठ दिवसांनी मालकांचा फोन आला. आमच्याच फळीची चीर पाडताना लाकूड उलटे फेकले गेले होते. मिस्त्रीचा डावा हात पात्यावर गेला. तर्जनीची दोन पेरे गेली आणि मधल्या बोटाची शीर तुटली. इस्पितळात दोन शस्त्रक्रिया झाल्या. पंधरा दिवसांनी मालक एक कागद घेऊन माझ्याकडे आले. नुकसानभरपाईसाठी आणि त्यांच्या विमा पॉलिसीसाठी अपघाताचा अहवाल द्यायचा होता. "काका, तुम्ही असे शेकडो पाहिलेत. भाषा तेवढी तपासून द्या," ते म्हणाले.

कागदावर तीन रकाने होते. पहिला सुरक्षाकवचाचा: कामगाराने कवच काढून ठेवले होते. दुसरा लाकडाचा: जुने सागवान, पूर्ण वाळलेले, खिळे तपासून काढलेले, दोष नाही. तिसरा कामगाराच्या अनुभवाचा: बावीस वर्षे, तरीही निष्काळजीपणाने हात पात्याजवळ नेला. भाषेत काही चूक नव्हती. असे अहवाल मी आयुष्यभर वाचले होते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळांवर सहीदेखील केली होती. पण यावेळी लाकूड माझे होते, म्हणून मी म्हणालो, "आधी मशीन पाहू, आणि ती फळी फेकली नसेल तर तीही पाहू."

फळी ठेवली होती, हे बरे झाले. पाच फूट लांब, नऊ इंच रुंद. तिच्यातून तीन इंचांची पट्टी काढायची होती आणि चीर सुमारे दोन फूट गेली असताना प्रकार घडला. फळी काय सांगते ते समजण्यासाठी गोल करवतीचे एक साधे तत्त्व ध्यानात घ्यावे लागते. पात्याचे सुताराकडचे दात वरून खाली येतात. ते लाकडाला टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे, म्हणजे पाठीमागचे दात खालून वर येतात. कापून झालेले लाकूड त्या दातांच्या दोन्ही बाजूंनी न शिवता पुढे सरकले पाहिजे. ते जर त्यांना चिकटले, तर दात त्याला वर उचलतात आणि पात्याच्या डोक्यावरून सुताराच्या दिशेने भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. येथले पाते बारा इंचांचे, मिनिटाला सुमारे तीन हजार फेरे घेणारे. हिशेब केला तर दाताचा वेग ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास येतो. लाकूड त्या वेगाने येत नाही हे खरे. पण ढकलणारा वेग तो असतो. काही तरी चुकते आहे हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात पात्याचे दहा फेरे झालेले असतात.

आता फळी. मी ती उलटी केली. खालच्या अंगावर चिरेपासून निघून तिरका गेलेला, धनुष्यासारखा वाकडा एक ओरखडा होता. सुरुवातीला उथळ, पुढे खोल. फळी उचलली जाऊन पात्यावर चढल्याची ही खूण. सरळ कापताना असा ओरखडा उमटू शकत नाही. चिरेच्या आतल्या दोन्ही अंगांवर काळपट जळके पट्टे होते. लाकूड फिरत्या पात्यावर घासत असल्याचे ते चिन्ह. मग चिरेची रुंदी मोजली. त्या पात्याची चीर ३.२ मिलिमीटरची. पात्यापाशी ती तेवढीच होती. पण फळीच्या टोकाशी, जेथून कापायला सुरुवात झाली होती तेथे, ती जेमतेम दीड मिलिमीटर उरली होती. कापले गेलेले दोन भाग एकमेकांकडे झुकून पात्याला चिमटीत धरत होते. दुसरी एक शक्यता होती ती तपासली. लाकूड ज्या लोखंडी पट्टीला टेकवून ढकलतात ती गाइड पात्याशी समांतर नसेल, मागच्या बाजूला आत आलेली असेल, तरीही लाकूड असेच दाबले जाते. पुढच्या दातापासून आणि मागच्या दातापासून गाइडचे अंतर मोजले. ते सारखे होते. म्हणजे मशीन दाबत नव्हते. लाकूड स्वतःच मिटत होते.

"पण काका, लाकूड तर शंभर वर्षांचे, खडखडीत वाळलेले," मालक म्हणाले. बहुतेकांची समजूत अशीच असते. मात्र वाळलेले लाकूड आणि ताण नसलेले लाकूड, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुळई झाडाच्या बुंध्यातून अखंड काढलेली असते. तिच्या मध्यातला गाभा आणि बाहेरचे लाकूड वाळताना सारखे आकसत नाहीत. एकमेकांना ओढून धरून ती वर्षानुवर्षे सरळ राहते. फळ्या पाडल्या की ही ओढाताण मोकळी होऊ लागते. आमची फळी नेमकी मधली होती. गाभ्याची रेघ तिच्यात स्पष्ट दिसत होती. टेबलावर ठेवली तर तिचे एक कोपर किंचित उचललेले राही, म्हणजे तिला पीळही होता. डुलणारी फळी गाइडला आणि टेबलाला नीट टेकत नाही, आणि चीर पडताच तिचे भाग जिकडे ओढ असेल तिकडे वळतात. ते बाहेर वळले तर काही होत नाही; आत वळले तर पाते पकडतात.

हे आधी कळू शकते का? कळू शकते. फळीच्या टोकापासून फूटभर आत येऊन इंचभर रुंदीची एक आडवी काप काढायची. तिच्या मधले लाकूड काढून टाकून दोन पायांच्या चिमट्यासारखा आकार करायचा आणि तो ठेवून द्यायचा. पाय सरळ राहिले तर लाकूड शांत आहे. एकमेकांकडे वाकले तर त्यात ताण कोंडलेला आहे. ही खूण मुख्यतः भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडासाठी वापरतात. गाभ्याची ओढ तीत पूर्ण उमटेलच असे नाही. आमच्या फळीला तर चिमट्याचीही गरज नव्हती. गाभा आणि पीळ डोळ्यांना दिसत होते. पण घरच्या जुन्या सागवानावर दोष ठेवायचे मालकांच्या जिवावर आले असावे. आणि "उत्तम लाकूड आहे, नासू नका," असे मीच बजावून ठेवले होते.

म्हणजे दुसऱ्या रकान्यातला 'दोष नाही' हा शेरा गेला. आता पहिला रकाना. येथे मला थोडे थांबून सांगायला हवे. कारण चांगले जाणकारही येथे दोन वस्तूंची गल्लत करतात. टोपीसारखे कवच हात पात्यावर पडू नये म्हणून असते. लाकूड उलटे फेकले जाऊ नये म्हणून जी वस्तू असते ती निराळी. पात्याच्या लगेच मागे, त्याच्याच रेषेत, उभी वाकडी पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती पात्याच्या पत्र्याहून किंचित जाड आणि चिरेहून किंचित पातळ असावी लागते. आमच्या पात्याचा पत्रा २.२ आणि चीर ३.२ मिलिमीटर, म्हणजे पट्टी अडीच-पावणेतीन मिलिमीटरची हवी. दातांपासून ती आठ-दहा मिलिमीटरहून लांब असू नये. कापलेले लाकूड पुढे सरकले की पट्टी चिरेत शिरते आणि चीर मिटू देत नाही. लाकडाने कितीही आवळले तरी ते पट्टीला आवळते, पात्याला नव्हे.

"ती पट्टी कोठे आहे?" मी विचारले. मालकांनी भिंतीवरच्या कवचाकडे बोट दाखवले. कवच खाली उतरवले तेव्हा पट्टी त्याच्याच बुडाला बोल्टने जोडलेली दिसली. हे मशीन जुने, दुसऱ्याकडून घेतलेले. त्यात कवच त्या पट्टीच्या माथ्यावर बसवलेले होते. फळीत आरपार चीर न पाडता नुसती खाच पाडायची असेल तर लाकूड पात्याच्या वरून जाऊ द्यावे लागते, आणि मग माथ्यावर उभे असलेले कवच आड येते. कवच काढायचे तर पट्टीही निघते. दोन वर्षांपूर्वी खिडक्यांच्या चौकटींचे मोठे काम आले होते, सगळे खाचांचे. तेव्हा हा जोड उतरवला आणि खिळ्याला अडकवला. काम संपले, जोड तेथेच राहिला.

"कुणी उतरवला?" मी विचारले. मालक जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीच सांगितले होते."

हा प्रश्न चौकशीच्या हौसेने विचारलेला नव्हता. नुकसानभरपाईचा १९२३ चा जो कायदा तेव्हा लागू होता, त्यात एक अपवाद होता. इजा मृत्यूची किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाची नसेल आणि कामगाराने सुरक्षेचे साधन जाणूनबुजून काढले असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नसे. 'कामगाराने कवच काढून ठेवले होते' हे पाच शब्द त्या अपवादात चपखल बसत होते. मालकांच्या मनात लबाडी नव्हती, हे मी खात्रीने सांगतो. काय घडले असेल ते लिहिण्याची जी सर्वांची रीत, त्या रीतीने त्यांनी लिहिले होते. पण त्या पाच शब्दांनी मिस्त्रीची भरपाई अडली असती. आणि भरपाई तरी किती? कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक पेराची किंमत टक्क्यांत ठरलेली होती: तर्जनीची दोन पेरे गेली तर कमाईची क्षमता ११ टक्क्यांनी घटली असे धरायचे. कारकुनाची तर्जनी आणि सुताराची तर्जनी यांत परिशिष्ट भेद करीत नव्हते.

राहिला तिसरा रकाना. त्यासाठी मी मिस्त्रीच्या घरी गेलो. हाताला पट्ट्या होत्या. तो उठू लागला, मी त्याला बसवले. नेमके काय झाले, असे विचारले तेव्हा तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "साहेब, आवाज बदलला. करवतीचा सूर जड झाला, थोडा धूर आला. लाकूड मागून उठायला लागले. मी डावा हात पलीकडे टाकून ते दाबले. नेहमी दाबतो तसे. नेहमी बसते."

'नेहमी बसते' हे त्याचे शब्द मी विसरलेलो नाही. बावीस वर्षांत लाकूड शेकडो वेळा असे अडखळले असेल आणि दाबल्यावर बसले असेल. प्रत्येक वेळी त्याच्या हाताला एकच शिकवण मिळत गेली: उठले की दाबा. त्या दिवशी लाकूड बसले नाही, सुटले. आणि त्यावर दाबून धरलेला हात लाकडाबरोबर मागे, पात्याकडे ओढला गेला. ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या दातांपुढे अनुभवाला विचार करायला वेळच नसतो. तेथे फक्त सवय चालते. आणि सवय चुकीची होती. नवख्या पोराने घाबरून हात सोडला असता. फळी कदाचित त्याच्या पोटात बसली असती, पण बोटे राहिली असती. सूर जड झाला की करायचे ते एवढेच: पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहायचे, लाकूड आहे तेथेच धरायचे, मागे ओढायचे नाही, आणि बटण बंद करून पाते पूर्ण थांबू द्यायचे. त्यासाठी बटण गुडघ्याने किंवा कमरेने दाबता येईल असे हवे. येथे ते भिंतीवर, चार पावलांवर होते.

मी निघताना मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील हातकरवतीने ओंडके कापीत. एक वर उभा, एक खाली. लहानपणी त्याचे काम पाचर घालण्याचे. करवत पुढे गेली की मागच्या चिरेत लाकडाची पाचर ठोकायची, चीर मिटली की करवत अडकते म्हणून. पाचर घालायला उशीर झाला तर वडील ओरडत. मी त्याला विचारले, "आणि या मशीनवर पाचर कोण घालतो?" तो माझ्याकडे पाहत राहिला. त्या पोलादी पट्टीचे काम काय, हे बावीस वर्षांत त्याला कुणी सांगितलेच नव्हते. ती कवच उभे धरायची दांडी आहे, असे तो समजत होता. वडिलांच्या चिरेत ज्याने हजारो पाचरी ठोकल्या, त्याच्या स्वतःच्या चिरेत पाचर नव्हती.

अहवाल आम्ही पुन्हा लिहिला. पहिल्या रकान्यात: कवच व रायव्हिंग नाइफ एकत्र जोडलेली, दोन वर्षांपूर्वी मालकांच्या सांगण्यावरून खाचांच्या कामासाठी उतरवली, पुन्हा बसवली नाहीत. दुसऱ्यात: जुन्या तुळईतून पाडलेली, गाभा असलेली, पिळाची फळी, चीर ३.२ वरून दीड मिलिमीटरपर्यंत मिटलेली. तिसऱ्यात: अनुभव बावीस वर्षे, पट्टीचा उपयोग व लाकूड उठल्यास काय करावे याचे शिक्षण दिलेले नाही, बटण हाताशी नाही. 'निष्काळजीपणा' हा शब्द काढला. त्या शब्दाने काहीच सांगितले जात नाही; ज्याला पुढे काही विचारायचे नसते त्याच्या तो सोयीचा असतो. माझ्या जुन्या सह्यांखाली तो किती वेळा असेल, हे आता मोजता येणार नाही.

शेवटी मी आणखी एक ओळ घातली: अपघातापूर्वी आठ दिवस गिऱ्हाइकाने, जे निवृत्त कारखाने निरीक्षक आहेत, कवच भिंतीवर टांगलेले पाहिले होते; त्यांनी काही सांगितले नाही. मालक वाचून म्हणाले, "काका, ही ओळ कशाला? कुणी मागितली नाही." मी म्हणालो, "तुमची ओळ तुम्ही लिहिलीत. ही माझी."

भरपाई मिळाली. मिस्त्री चार महिन्यांनी कामावर आला. आता तो मापे घेतो, जोड जुळवतो, करवतीवर पोराला उभे करतो. पट्टी कापून पात्याच्या माथ्याहून किंचित खाली आणली आहे, म्हणजे खाचा पाडतानाही ती काढावी लागत नाही. कवच वेगळ्या दांडीवर बसवले आहे आणि टेबलाखाली गुडघ्याने दाबायचे बटण. या साऱ्याला मिळून एका कपाटाच्या पॉलिशइतकाही खर्च आला नाही.

कपाट झाले. गाभ्याची फळी त्यात वापरली नाही. तिचा ओरखड्याचा तुकडा मी मागून घेतला आणि तो माझ्या टेबलावर आहे. येणारे विचारतात, हे काय? मी सांगतो, आमच्या वाड्याची तुळई. मग तुकडा उलटा करून त्यांना ओरखडा दाखवतो आणि उरलेले सांगतो.